दीड टन म्हणजे किती किलोवॅट, आणि डिचोलीच्या खोलीला नेमके किती हवेत

प्रश्न: आमचं घर डिचोलीला. वरच्या मजल्यावरची खोली ४.२ मीटर बाय ५ मीटर, वर उघडी गच्ची, पश्चिमेला खिडकी. दुकानदार म्हणतो दोन टनाचा एसी घ्या. हिशेब केला तर दोन टन म्हणजे सात किलोवॅट आणि दीड टन म्हणजे सव्वापाच. आमचं मीटर तीन किलोवॅटचं, मग एसी चालणार कसा? शिवाय लेबलवर टन नसून वॅट लिहिलेत आणि ते हिशेबापेक्षा कमी आहेत. कुठला आकडा धरायचा? पुढच्या वर्षी गच्चीवर पत्रे घालायचा विचार आहे.

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो. लेबलवरचे वॅट धरा, टन विसरा. ते वॅट खोलीतून बाहेर काढल्या जाणाऱ्या उष्णतेचे आहेत, मीटरवर येणाऱ्या विजेचे नव्हेत, त्यामुळे तुमच्या तीन किलोवॅटच्या मीटरवर दीड टनाचा एसी चालतो. आणि आज जशी खोली आहे तशी धरली, तर तिला ४.७ ते ५ किलोवॅट लेबलचा, म्हणजे बाजारातला 'दीड टन' इन्व्हर्टर एसी पुरतो. दोन टन नको. पत्र्यांचं तुम्ही सहज शेवटी लिहिलंय, पण सगळ्या हिशेबात तीच गोष्ट सर्वांत भारी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

टन आला कुठून

टन हे इथे वजन नाही, वेग आहे. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाने विकत मिळायचा, म्हणून पहिल्या यंत्रांची ताकदही बर्फातच मोजली गेली: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेगाने ओढणारं यंत्र एक टनाचं. मालीमच्या जेटीवर माशांसाठी बर्फाच्या लाद्या उतरताना पाहिल्या असतील, तर डोळ्यांसमोर आणा. एक टन लाद्या खोलीत ठेवल्या, त्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत बरोबर वितळून संपल्या, की खोलीला दिवसभर एक टनाचा एसी मिळाला.

हा टन मात्र अमेरिकेतला आहे, २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. एक किलो बर्फ वितळायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. ९०७ ला ३३५ ने गुणा आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं ३.५१७ किलोवॅट. आपला १००० किलोचा टन धरून कोणी गणित मांडलं तर ३.८८ च्या आसपास येतं, आणि मग दीड टनाला पावणेसहा किलोवॅट दिसायला लागतात. असे हिशेब घेऊन आलेले लोक मला भेटलेत. तेव्हा सूत्र एवढंच:

किलोवॅट = टन × ३.५१७

टन = किलोवॅट ÷ ३.५१७

परदेशातून आणलेल्या एसीवर किंवा जुन्या कागदांवर बीटीयू लिहिलेले असतात. १२,००० बीटीयू ताशी म्हणजे एक टन, १८,००० म्हणजे दीड. बऱ्याच कंपन्यांच्या मॉडेल नंबरात जो १२, १८ किंवा २४ दिसतो, तो तिथूनच आलेला.

तीन किलोवॅटच्या मीटरवर पाच किलोवॅट

गोंधळ इथेच होतो, कारण दोन्ही आकड्यांचं एकक एकच आहे. तुमच्या घरातला दोन किलोवॅटचा गीझर दोन किलोवॅट वीज घेतो आणि दोन किलोवॅट उष्णता देतो, कारण तो उष्णता तयार करतो. एसी काही तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि नेण्यापुरती हमाली घेतो. पाच किलोवॅट उष्णता उचलायला आजचा बरा इन्व्हर्टर एसी पूर्ण ताकदीवर साधारण १.४ ते १.६ किलोवॅट वीज घेतो. २३० व्होल्टला हे सहा-सात अँपिअर होतात. खोली गार झाल्यावर तो आकडा आणखी खाली येतो.

म्हणून मीटरसाठी बघायचा आकडा वेगळा असतो. इनडोअर-आउटडोअरवरच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात 'रेटेड पॉवर इनपुट' म्हणून दिलेला. तो दीड किलोवॅट असेल तर तुमच्या तीनमध्ये बसतो. पण एसी चालू असताना कोणी गीझर लावला, तर साडेतीन होतात आणि मंजूर लोड ओलांडला जातो. तुमच्या घरी गीझर असेल आणि सकाळी एसी बंद व्हायच्या आधीच तो लागत असेल, तर वीज खात्याकडे लोड वाढवून मागा. दोष एसीचा नसेल, दोन्ही एकत्र चालण्याचा असेल.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण बसवताना ती हमखास चुकते. उचललेले पाच आणि हमालीचे दीड, असे साडेसहा किलोवॅट आउटडोअर युनिटमधून बाहेर पडत असतात. ते युनिट जाळी आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ठेवलं, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तेवढे वॅट मिळत नाहीत आणि वीज मात्र जास्त जाते.

नाव दीड टन, वॅट वेगळे

दीडला ३.५१७ ने गुणलं तर ५.२७५ किलोवॅट यायला हवेत. दुकानात 'दीड टन' म्हणून ओळीने मांडलेल्या एसींची लेबलं वाचत जा, ४.७ पासून ५.३ किलोवॅटपर्यंत सगळं दिसेल. ४७५० वॅटचा एसी खरं तर १.३५ टनांचा आहे. ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण खरा आकडा लेबलवर छापलेलाच असतो. टन हे आता शर्टाच्या मापासारखं झालंय, त्यावरून गट कळतो, इंच कळत नाहीत. पण किंमत बघताना याचा फार उपयोग होतो. दोन 'दीड टनां'मध्ये दोन हजारांचा फरक दिसला, तर आधी दोघांचे वॅट बघा. पुष्कळदा स्वस्तातला एसी वॅटनेही लहान असतो.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलवर पूर्ण क्षमतेचे, म्हणजे १०० टक्क्यांचे, वॅट दिलेले असतात. तो आकडा घ्या. हे वॅट प्रयोगशाळेत ठरलेल्या हवेत मोजतात: आत २७ अंश, बाहेर ३५ अंश. आपल्याकडे याचा एक फायदा आहे. गोव्यात मे महिन्यातही बाहेरचा पारा ३३-३५ च्या फारसा वर जात नाही, त्यामुळे छापलेले वॅट जवळजवळ पूर्ण मिळतात. नागपूरला ४५ अंशांत तोच एसी धापा टाकतो, म्हणून तिथले लोक एक माप मोठं घेतात. तो सल्ला उचलून इथे आणायचं कारण नाही.

तोटा दुसऱ्या बाजूला आहे. त्या प्रयोगशाळेतली आतली हवा बरीच कोरडी असते, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली. आपल्या खोल्या तशा नसतात.

तुमच्या खोलीचा हिशेब

'शंभर चौरस फुटांना एक टन' हा हिशेब मी वापरत नाही. त्यात गच्ची कुठे आहे, भिंत कुठल्या दिशेला आहे, काहीच येत नाही. सरळ वॅटमध्ये मोजू. तुम्ही दिलेली मापं घेतो. उंची तीन मीटर, भिंती चिऱ्याच्या गिलावा केलेल्या, खिडकी दोन चौरस मीटर आणि तिला आतून पडदा, खोलीत तीन माणसं असं धरतो. वेळ मे महिन्यातली दुपारी साडेचार-पाचची, कारण सगळ्यांत वाईट वेळ तीच.

उघड्या गच्चीची स्लॅब दिवसभर तापते आणि दुपारनंतर खाली उष्णता सोडू लागते, चौरस मीटरला साधारण ६० वॅट. खोली २१ चौरस मीटर, म्हणजे १२६० वॅट नुसते डोक्यावरून. पश्चिमेची भिंत खिडकी वजा करून १३ चौरस मीटर, तिचे ३६० च्या आसपास. खिडकीचे, पडदा असूनही, ६००. बाकीच्या तीन भिंती आणि दार मिळून ४००. तीन माणसांचे ३५०, टीव्ही-दिवे-पंखा मिळून २५०.

राहिली फटींमधून येणारी हवा, आणि गोव्याची खरी गोष्ट इथे आहे. कितीही बंद केली तरी खोलीतली हवा ताशी थोडी बदलतेच. तुमच्या खोलीत ताशी ४४ घनमीटर बाहेरची हवा येते असं धरू. ती ३३ अंशांची आणि ७० टक्के आर्द्रतेची. तिला २५ अंशांवर आणायला फक्त ११५ वॅट लागतात. पण तिच्यातलं जास्तीचं पाणी काढायला लागतात ४०५ वॅट. एकूण ५२०, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त नुसत्या पाण्यासाठी.

तुलना म्हणून नागपूरची ४३ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची तेवढीच हवा घ्या. दहा अंशांनी जास्त गरम, पण तिच्यात काढण्यासारखं पाणीच नाही. तिला साधारण २५० वॅट पुरतात. थर्मामीटरवर सौम्य दिसणारी आपली हवा एसीला दुप्पट जड पडते. म्हणून डिचोलीच्या घरात खिडकीच्या फटींना रबरी पट्टी आणि दाराखाली ब्रश लावणं हा एसी घेण्याचाच भाग समजा. तीनशे-चारशे रुपयांत शे-दोनशे वॅट वाचतात.

बेरीज ३७४० वॅट. अंदाजातल्या चुकांसाठी दहा-पंधरा टक्के वर धरा, ४.१ ते ४.३ किलोवॅट होतात. ३.५१७ ने भागलं तर सुमारे १.२ टन. बाजारात मिळणारं पुढचं माप दीड टनाचं, म्हणून तेच.

एक खात्री आणखी करून घ्यायची. लेबलवरचे सगळे वॅट हवा गार करायला मिळत नाहीत, त्यातला साधारण ३० ते ३५ टक्के भाग पाणी काढण्यात जातो. ४.९ किलोवॅटच्या एसीकडे हवा गार करायला ३.२ ते ३.४ किलोवॅट उरतात. तुमच्या खोलीच्या ३७४० मधून पाण्याचे वॅट (फटींचे ४०५ आणि माणसांच्या घामा-श्वासाचे साधारण १३५) वजा केले की ३२०० राहतात. बसतं, पण फार ऐसपैस नाही. एक टनाच्या ३.५ किलोवॅटमधून जेमतेम २.४ मिळतील. तो संध्याकाळभर पूर्ण ताकदीने चालूनही खोली २८ च्या खाली आणणार नाही.

मग दोन टन का नको

दुकानदार दोन टन म्हणतो, कारण मोठा एसी विकला की 'गार होत नाही' अशी तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. उन्हाळ्यात खरंच येत नाही. तक्रार जुलैत येते, आणि तेव्हा ती वेगळ्या शब्दांत येते: अंथरूण दमट लागतं, भिंतीला बुरशी आली, एसी लावला की गार वाटतं पण अंग चिकटच राहतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बरीच वर्षं झाली, वाळपईला एका घरात तुमच्यापेक्षा लहान खोलीत मी दोन टनाचा, साध्या कंप्रेसरचा एसी बसवला. घरमालकांना 'जोरात' हवा होता आणि मी अडवलं नाही. जुलैत त्या घरातल्या आजींचा फोन आला की रात्री एसी लावून सकाळी उठलं की चादर पिळून काढावी अशी लागते. मी आर्द्रतामापक घेऊन गेलो आणि रात्री दोन तास खोलीत बसून राहिलो. पारा २३ आणि आर्द्रता ७८ टक्के. कंप्रेसर सात-आठ मिनिटं चालायचा, खोली गार झाली म्हणून थांबायचा, आणि आतला पंखा मात्र चालूच. कॉइलवर जमलेलं पाणी ड्रेन पाइपपर्यंत पोचायच्या आधीच पंखा ते परत खोलीत फुंकत होता. मी टॉर्च लावून कॉइल बघितली, तिच्या पातळ पट्ट्यांवर थेंब साचलेले होते आणि पाइपच्या तोंडाला मात्र कोरड. पुढे मी तो एसी काढून एक टनाचा बसवला. त्याच महिन्यात, त्याच खोलीत, आर्द्रता साठच्या खाली आली.

तुमच्या खोलीवर हेच मांडून बघा. पावसाळ्यातल्या रात्री बाहेर २६ अंश. स्लॅब थंड, ऊन नाही. हवा गार करायला सव्वातीनशे वॅट पुरतात, आणि पाणी काढायला सव्वाचारशे. एकूण काम पाऊण किलोवॅटचं. साडेसहा किलोवॅटचा साधा एसी ते तासात सात मिनिटांत उरकतो, आणि वाळपईची गोष्ट पुन्हा घडते.

इन्व्हर्टर इथे उपयोगी पडतो, कारण तो ताकद कमी करून रेंगाळत चालू शकतो. पण किती कमी करू शकतो, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. माहितीपत्रकात क्षमतेचा पल्ला दिलेला असतो, सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त. बहुतेक लोक वरचा आकडा बघतात. तुम्ही खालचा बघा. दोन दीड टनी एसींपैकी एक १.२ किलोवॅटपर्यंत उतरत असेल आणि दुसरा दोनवरच अडत असेल, तर तारे सारखे असले तरी पहिला घ्या. आपल्याकडे वर्षातले चार महिने त्या खालच्या आकड्यावरच निघतात.

पावसाळ्यात पंखा 'ऑटो'वर ठेवा, 'हाय'वर नको, आणि रात्री 'ड्राय' मोड लावून बघा. चवथीपर्यंत कपाटातले कपडे कुबट होऊ द्यायचे नसतील, तर याचा फरक कळतो.

बसवल्यावर वॅट मोजायचे कसे

एसीचे सगळे वॅट घरी मोजता येत नाहीत. पण पाण्याचे वॅट स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापाने मोजता येतात. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी करायला साधारण २४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ताशी एक लिटर म्हणजे जवळजवळ ६८० वॅट.

एसी दोन तास चालू द्या. पहिल्या तासातलं पाणी धरू नका, त्यात गादी, पडदे आणि भिंतींनी शोषलेली ओल निघत असते. मग ड्रेन पाइपखाली भांडं ठेवून बरोबर एक तासाचं पाणी जमवा. तुमच्या खोलीत, दारं बंद ठेवून, मेच्या संध्याकाळी ताशी पाऊण ते एक लिटर यायला हवं, कारण वरच्या हिशेबात पाण्याचे ५४० वॅट आले होते. दोन लिटर येत असेल, तर एसीच्या ताकदीतले १३६० वॅट पाण्यावर खर्च होताहेत आणि तेवढी दमट हवा कुठून तरी आत घुसतेय. खिडकीच्या चौकटी, वरचा झरोका, बाथरूमचं दार हे तपासा. अशा वेळी लोक मोठा एसी घेतात. फट बुजवणं हा त्यावरचा इलाज आहे.

याच मापाने आणखी एक खर्च वाचतो. गार होत नाही अशी तक्रार केली, की येणारा माणूस आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजतो, फरक नऊ-दहा अंश दिसला की 'गॅस कमी' म्हणतो आणि भरून जातो. कोरड्या हवेत हा फरक बारा-तेरा अंश मिळतो, हे खरं. पण आपल्या दमट हवेत तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ताकद पाण्यावर जात असेल, तर निकोप एसीचाही फरक नऊ-दहाच येतो. पाइपमधून लिटरने पाणी येत असेल तर गॅस जागेवर आहे. गॅस खरंच कमी असला तर पाण्याची धार मंदावते, इनडोअरच्या कॉइलच्या एकाच भागावर बर्फ धरतो, आणि आउटडोअरकडे येणारी जाडी नळी हाताला गार लागत नाही. यातलं काही दिसत नसेल तर गॅस भरू देऊ नका. त्याऐवजी कॉइल आणि जाळी धुऊन घ्या.

आता पत्रे

गच्चीवर उतरतं छप्पर घातलं आणि स्लॅब आणि पत्रा यांच्यात दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवला, तर स्लॅबवर ऊन पडतच नाही. मग डोक्यावरून येणारे ६० वॅट चौरस मीटरला वीसच्या आसपास उतरतात. १२६० चे ४२० होतात. तुमची बेरीज ३७४० वरून २९०० वर येते. वरचे दहा-पंधरा टक्के धरून ३.२-३.३ किलोवॅट, म्हणजे ०.९ टनाच्या थोडं वर. पाण्याचे वॅट वजा केले तर हवा गार करायला २३६० लागतात, आणि ३.५ किलोवॅटच्या एसीकडे तेवढेच, जेमतेम, असतात.

म्हणजे पत्रे आधी घातले तर तुम्हाला लेबलवर पूर्ण ३.५ किलोवॅट असलेला एक टनाचा एसी चालेल. तो पूर्ण ताकदीवर वीज घेईल एक किलोवॅटच्या आसपास, तुमच्या मीटरवर दोन किलोवॅटच्या गीझरसोबतही तो काठावर बसेल, आणि पावसाळ्यात तो दीड टनापेक्षा जास्त सलग चालून खोली जास्त कोरडी ठेवेल. पण त्यात वाव फार नाही. खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चटई नसेल, किंवा खोलीत नेहमी पाच-सहा माणसं बसत असतील, तर तो कमी पडेल. ३.२ किलोवॅटचा 'एक टन' घेतला तरी कमी पडेल, म्हणून तिथे लेबल डोळ्यांत तेल घालून वाचा.

पत्रे पुढच्याच वर्षी घालणार असाल आणि एसी याच मेमध्ये हवा असेल, तर दीड टन इन्व्हर्टर घ्या, ४.७ ते ५ किलोवॅटचा, आणि खालचा आकडा जितका लहान मिळेल तितका बघून. छप्पर आल्यावर तो मोठा ठरेल, पण खाली उतरू शकणारा असेल तर सांभाळून घेईल. माझ्या घरचा प्रश्न असता, तर मी पत्रेवाल्याला पावसाच्या आधी बोलावलं असतं, उन्हाळ्याचे हे दिवस पंख्यावर काढले असते आणि छप्पर चढल्यावर एक दुपार त्या खोलीत थर्मामीटर टांगून मग दुकानात गेलो असतो.

थर्मामीटर टांगलात, तर स्लॅबलाही हात लावून बघा. दुपारी पाचला स्टुलावर चढून तळवा छताला टेकवला आणि छत फारसं गरम लागलं नाही, तर एक टनाचा विचार करा. छत चांगलंच गरम लागलं, तर पत्र्याखाली वारा खेळत नाहीये. आधी बाजूच्या फळ्या किंवा बंद केलेली टोकं उघडून घ्या आणि मग पुन्हा मोजा.